जस्टिन गप्प का झाला

नगरच्या आपल्या घरून आराधना एका कंपनीची छोटी टीम सांभाळायची. रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून टाइप करायचं त्यांचं काम. त्यात सगळ्यात नेटका माणूस कोल्हारचा जस्टिन. पण अलीकडे तो फोन उचलत नव्हता, मेसेजला उत्तर देत नव्हता आणि फाइली उशिरा पाठवायचा. एकदा तिनं वैतागून ग्रुपवर सगळ्यांदेखत जाब विचारला, तेव्हापासून तर तो पार गप्प झाला.

"काढून टाक," वरिष्ठ म्हणाले. तिनं थोडी मुदत मागून घेतली आणि त्याला एकट्याला लिहिलं, "कामाचं राहू दे. तू बरा आहेस ना? रविवारी भेटायला येऊ?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "या."

रविवारी कोल्हारच्या चर्चच्या अंगणात तो पाठमोरा उभा होता. तिनं दोनदा हाक मारली, तरी वळला नाही. समोर गेली, तर तो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

"ताई, ऐकू कमी येतंय," तो म्हणाला. "एकेक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकतो. सांगितलं तर काम जाईल, म्हणून बोललो न्हाई."

"सगळ्यांसमोर बोलायला नको होतं मी," ती म्हणाली. मग त्याला कळेल अशा बेतानं सावकाश म्हणाली, "आधी डॉक्टरांना कान दाखव. तोवर इतरांच्या फाइलींचं शुद्धलेखन तपास, मी वर बोलते. पण उशीर होणार असला, तर आदल्या दिवशी कळवायचं."

जस्टिननं मान हलवली आणि डोळे पुसले.

वरिष्ठांनी महिनाभरापुरतं मान्य केलं. बुधवारी त्याचा मेसेज आला, "उद्याची फाइल परवा दुपारी देतो, ताई."