फोटोतली म्हैस

पातूरचा खुशालराव फोटो पाहून म्हैस कधी व्यायची ते सांगतो, अशी त्याची ख्याती. दहा गावांचे फोटो त्याच्या मोबाइलवर येतात आणि बरंचसं खरंही ठरतं. कास भरलेली म्हैस आज ना उद्या व्यायचीच, यात कसली विद्या आली, हे मला कधी कळलं नाही.

भातकुलीत त्याची धाकटी बहीण मनकर्णा एकटी राहते. नवरा नत्थुजी गेल्यापासून घरात बोलायला ती एक म्हैसच होती. त्या दिवशी सकाळपासून म्हैस उठबस करत होती, पोटावर लाथा झाडत होती. कळा सुरू झाल्या म्हणून मनकर्णाने तिला धुतलं, कपाळाला हळदकुंकू लावलं. ती जरा शांत उभी राहिली तेव्हा फोटो काढून भावाला पाठवला. तडफडणाऱ्या जनावराचा फोटो कोण पाठवतो?

खुशालरावाचा लगेच फोन आला.

"पोट दोन्ही अंगानं सुटलं, मना. जुळं हाय. कास टच्च, शेपटीच्या बुडाशी खड्डे पडले. उभी कशी झ्याक हाय पाह्य! आज नाही तर उद्या मोकळी होते. उगा डॉक्टरले कायले बोलावतं?"

दुरून डोंगर साजरे, तशा म्हशीही. लाथांबद्दल त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. संध्याकाळी कळाच थांबल्या. दादा 'उद्या' म्हणालाच होता, म्हणून ती निर्धास्त झाली.

सकाळी म्हशीने चारा सोडला, तेव्हा तिने डॉक्टर भावनाला बोलावलं. डॉक्टरने हातमोजा चढवला, हात आत घातला.

"गर्भाशयाले पीळ बसला, काकू. वाटच बंद हाय."

"पण फोटोत तर चांगली दिसून राहिली होती."

"फोटोत पोट दिसते, कास दिसते. जुळं हाय का, पारडू जितं हाय का, पीळ हाय का, हे त्यात नाही दिसत. हात घातल्याबिगर मलेबी नाही कळत. कळा देऊनही पाणमोट, पाण्याची पिशवी, बाहेर आली नाही, हे तुमी पाह्यलं होतं. तेवढं कालच सांगायचं होतं."

चार माणसांनी दोर बांधून, बाजूवर फळी दाबून म्हशीला लोळवलं. पीळ सुटला, वाट उघडली. पारडू एकच निघालं, मेलेलं. म्हैस जगेल का, ते डॉक्टर सांगू शकली नाही.

दुपारच्या एसटीने खुशालराव आला.

"फोटोत तर समदं..."

"दादा, चूप बस!" मनकर्णा ओरडली. "मी तिच्याजवळ उभी होती रे. तिच्या लाथा मी पाहून राहिली होती, अन् विचारलं तुले!"

मग ती बादली घेऊन बसली. कास दगडासारखी झाली होती, मोकळी करणं भागच होतं. पिवळा, दाट चीक बादलीत पडू लागला तशी म्हैस कशीबशी मान वळवून मागे हुंगायला लागली. मागे काही नव्हतं. मनकर्णा रडत पिळत राहिली.