बंद खोलीतला कळफलक

मुख्य संपादक अण्णांना जाऊन महिना उलटला, आणि संगणकावरच्या हस्तलिखिताच्या समासात अण्णांच्या खात्यावरून टिपा उमटू लागल्या.

पहिली टीप उपसंपादकांनी दुपारी वाचली. ‘हा परिच्छेद दमून संपतो, आधीच संपवा.’ चष्मा पुसून त्यांनी ती पुन्हा वाचली. बोलण्याची ही ढब दुसऱ्या कुणाची असणे शक्य नव्हते. या हस्तलिखितावर, गद्यवेच्यांच्या प्रचंड संग्रहावर, दोघांनी एकत्र काम केले होते आणि त्यातला निम्मा वेळ एकमेकांशी भांडण्यात घालवला होता. अण्णांचा राग, थट्टा, एवढेच काय, त्यांचा खोकलाही त्यांना वाक्यांत ऐकू येई.

आठवडाभरात टिपा वाढल्या, आणि प्रकाशनाच्या मालकांनी उपसंपादकांना आपल्या खोलीत बोलावून घेतले. तिथे यंत्रबाई आधीच बसल्या होत्या. कार्यालयातले सगळे संगणक त्यांच्या हवाली असल्यामुळे हे नाव त्यांना कुणीतरी चिकटवले होते, आणि त्यांनीही ते मोठ्या मनाने चालवून घेतले होते.

“लिहिणारा कुठल्या यंत्रावरून आला, हे आपली प्रणाली ठेवत नाही,” त्या म्हणाल्या. “लेखकांनी आरडाओरडा केला म्हणून मालकांनीच ती नोंद बंद करायला लावली. पण मजकूर कसकसा उमटला, ते मात्र राहतं. आपण सगळे इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहितो आणि जागा सोडली की अख्खा मराठी शब्द पडतो. या टिपा तशा पडलेल्या नाहीत. ‘शब्द’ लिहिताना आधी श, मग ब, मग नुसती पायमोड, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, मग द. एकेक कळ, एकेक अक्षर. हा ठरीव मांडणीचा कळफलक झाला. आणि तो या इमारतीत एकाच यंत्रावर आहे.”

“अण्णांच्या,” मालक म्हणाले. “आणि त्या खोलीची किल्ली तुमच्या खिशात.”

उपसंपादकांना क्षणभर आरोप कळलाच नाही. कळला तेव्हा कानशिले तापली. “मेलेल्या माणसाच्या तोंडून मी बोलतोय, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“जिवंतपणी त्यांनी तुम्हाला बोलू दिलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत खरं काय ते सांगा. नाहीतर किल्ली टेबलावर ठेवा आणि घरी बसा.”

ते तडक अण्णांच्या खोलीत गेले. कुलूप कुरकुरले. बंद खोलीला येतो तसा कोंदट वास आला, पण त्यात अण्णांच्या औषधी तेलाचाही एक धागा होता, आणि तो धागा त्यांना नको तितका ताजा वाटला. संगणकावर कापडी आच्छादन होते. त्यावरच्या धुळीत बोटाचा एकही ठसा नव्हता. त्यांनी खाली वाकून पाहिले, तर विजेची तार काढून नीट गुंडाळून ठेवलेली होती. ती त्यांनी स्वतःच गुंडाळली होती, अंत्यविधीहून परतल्यावर.

भुताखेतांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. तरीही अण्णांच्या खुर्चीकडे पाठ करून उभे राहणे त्यांना जमेना. याच खुर्चीत बसून शेवटच्या दुपारी अण्णा प्रस्तावनेच्या पहिल्या वाक्यावरून कडाडले होते. वाक्य उपसंपादकांचे होते आणि पाच ओळी लांब होते; अण्णांना ते आखूड हवे होते. दार लावून दोघे तासभर भांडले. निघताना अण्णा उंबऱ्यात थांबून म्हणाले होते, “विचार करून कळवतो.” त्याच रात्री झोपेत ते गेले. कळवायचे राहिले.

यंत्र बंद होते आणि टिपा येत होत्या. म्हणजे एक तर जगाची रीत मोडली होती, नाहीतर यंत्रबाईंचा तर्क. उपसंपादकांनी आपल्या स्वभावाला अनुसरून तर्कावर संशय घेतला. जागेवर येऊन त्यांनी फोन काढला, कळफलकांच्या यादीतून ठरीव मांडणी निवडली, शब्द सुचवण्याची सोय बंद केली आणि आपल्याच खात्यावरून समासात अडखळत एक शब्द लिहिला. मग यंत्रबाईंना हाक मारली.

यंत्रबाईंनी नोंद उघडली. श. ब. पायमोड. द.

“अगदी तशीच,” त्या हळूच म्हणाल्या. “चुकलं माझं. ही मांडणी फोनवरही चालते, कुठल्याही संगणकावरही. उच्चारी कळफलकाचंही तेच. अक्षरं कशी आली एवढंच ही नोंद सांगते. कुठून आली, ते नाही. मी बोटांवरून यंत्र ओळखायला गेले.”

मालकांना ते सांगितले, तर ते हसले. “म्हणजे तुम्हाला खोलीत जायचीही गरज नव्हती. तुमच्या फोनवरही जमतं, हे आता तुम्हीच दाखवलंत की!”

उपसंपादक उठले. निघताना यंत्रबाईंनी त्यांना दारात गाठले. “एक गोष्ट राहिली सांगायची. या टिपांत प्रत्येक वाक्यानंतर मोठी उसंत आहे. काही लिहिलं-खोडलं असंही नाही. नुसतं थांबणं. तुमचं तसं नाही; तुमची सुटली की गाडीच.”

ती उसंत डोक्यात घेऊन, आणि अण्णांचे खाते आणखी कुठे उघडे असेल तर घरीच, असा विचार करत उपसंपादक अण्णांच्या घरी पोहोचले. अण्णांच्या पत्नीने, काकूंनी, दार उघडले, पाणी दिले, आणि विचारण्याआधीच त्यांची नजर तिवईवरच्या आपल्या फोनकडे गेली.

“रागावलेत का तिथे?” त्या म्हणाल्या.

“काकू, टिपा तुम्ही लिहिता?”

“हात कापायला लागल्यापासून घरी बसून लिहायचं ते सगळं मीच लिहायचे. ते सांगायचे, मी दाबायचे. त्यांचंच खातं, त्यांचीच मांडणी, मला दुसरी येतच नाही. कुणाला सांगायचं नाही म्हणाले होते. ऐट होती ना!” त्या किंचित हसल्या. “आता दुपारी फोन घेऊन बसते. बोटांना सवय झालीय.”

“आणि वाक्यानंतर थांबता ते?”

“पुढचं सांगेपर्यंत थांबायला नको?” त्यांनी अगदी साधेपणाने विचारले.

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावरची उशी पाठीला लागेल अशी उभी लावलेली होती. उपसंपादकांनी तिकडे पाहण्याचे टाळले.

“काकू, माझी नोकरी जाते आहे.”

“अगं बाई! मग लावा की मालकांना फोन. आत्ता लिहून दाखवते.”

उपसंपादकांनी आपल्या फोनवरून मालकांना गाठले आणि आवाज मोठा करून तो तिवईवर ठेवला. आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, जणू मालकांना ते दिसणार होते. पलीकडे यंत्रबाईंनी हस्तलिखित उघडले. काकूंचा अंगठा चालू लागला.

“येतंय,” यंत्रबाई म्हणाल्या. “प्रस्तावनेच्या समासात. ‘पहिल्या वाक्याचा’... ‘विचार केला.’ थांबलं.”

उपसंपादक पुढे झुकले. “काकू, त्या वाक्याचं अण्णा तुम्हाला काही बोलले होते?”

“कधी बोलणार? त्या दिवशी आले ते न जेवता, न बोलता झोपले.”

“बरं, बरं, पटलं,” मालकांचा आवाज आला. “तुम्ही मोकळे. किल्ली राहू द्या तुमच्याकडेच. काकू, पुरे आता.”

काकूंनी बोटाने गप्प राहण्याची खूण केली. त्यांची मान खुर्चीच्या बाजूला किंचित कलली होती. खोलीत औषधी तेलाचा वास होता. घर अण्णांचेच, तेव्हा तो असायचाच, असे उपसंपादकांनी स्वतःला बजावले. उसंत लांबत गेली, आणि उभा जन्म प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घातलेला तो माणूस हुज्जत न घालता श्वास रोखून वाट पाहत राहिला.

मग काकूंनी ‘हं’ केले, आणि अंगठा पुन्हा कळांवर टेकवला.

“ल,” पलीकडून यंत्रबाई वाचू लागल्या. “ला... लां... ‘लांबच’... ‘राहू’... ‘द्या’.”