जांभळ्या झग्यांचा दोरा

सोमवारी सकाळी दोरेकाका कपाटापुढे येऊन थबकले. कपाटाचे चव्वेचाळीस खण जागच्या जागी होते, पण एकाही खणावर रंगाच्या नावाची चिठ्ठी नव्हती. खण उघडून पाहिले तर रिकामे. सगळी रिळं खाली तीन मोठ्या टोपल्यांत, लग्नघरातल्या चपलांसारखी एकमेकांत मिसळून पडली होती.

"काका, बघा! काल अख्खा रविवार घालवला मी." शिक्षण संपवून नुकतीच कामावर आलेली मालकांची पुतणी हातातलं फडकं झटकत म्हणाली. "केवढी धूळ होती! प्रत्येक रीळ पुसून काढलं. आणि त्या जुन्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या दिल्या फेकून."

"फेकल्या?" काकांनी एक खण पुन्हा उघडून पाहिला.

"अहो, वाचतासुद्धा येत नव्हत्या."

त्यांना येत होत्या. शिवणकामाच्या या कारखान्यात एकतीस वर्षं दोऱ्यांचं कपाट सांभाळणाऱ्या या माणसाचा सगळा संसार त्या चिठ्ठ्यांवर चालला होता, कारण दोरेकाकांना रंग दिसत नव्हते. म्हणजे अगदीच नाही असं नाही. निळा दिसे, पिवळा दिसे, फिका आणि गडद यातला फरक तर चारचौघांपेक्षा जास्त कळे. पण लाल आणि हिरवा वेगळे ओळखणं त्यांच्या डोळ्यांना जमलंच नाही कधी. त्यामुळे तपकिरी आणि शेवाळी भाऊ-भाऊ, पोपटी आणि केशरी सख्खे शेजारी, आणि जांभळ्यातला तांबूसपणा वजा झाला की उरतो तो निव्वळ निळा. हे घरात बायकोलाही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं फक्त थोरल्या बहिणीला, अक्काला. शाळेत चित्रातल्या झाडाला तपकिरी पानं काढली म्हणून वर्ग हसला होता, त्या दिवशी अक्कानं त्यांना समोर बसवून सांगितलं होतं, "रंग दिसत नाही ना, मग वस्तू लक्षात ठेव. रंगाच्या नावातच वस्तू असते."

तेव्हापासून त्यांनी नावंच पाठ केली. तपकिरी म्हणजे तपकिरीची पूड. राखाडी म्हणजे चुलीतली राख. पारवा म्हणजे वळचणीला घुमणारा पारवा. विटकरी म्हणजे वीट, तीही भाजलेली, कच्ची नव्हे. खाकी म्हणजे खाक, परभाषेतून आलेली माती. दिसत नसलेल्या रंगांवर हा माणूस तासभर बोलू शके, आणि लोकांना वाटे, काय रंगाची जाण आहे! कुणी कापडाचा तुकडा घेऊन आलं की काका चष्मा वर करून विचारत, "याला तुम्ही काय म्हणता?" गिऱ्हाईक म्हणे, "डाळिंबी." मग काका डाळिंबी चिठ्ठीचा खण उघडत. एकतीस वर्षांत कुणाला काही कळलं नाही. आणि आता चिठ्ठ्या कचऱ्यात गेल्या होत्या.

"नंबर लावून टाकू या का?" पुतणी म्हणाली. "रिळांवर गिरणीचे नंबर आहेतच."

"चार गिरण्यांचा माल आहे, पोरी. एकीचा बारा नंबर दुसरीच्या बाराशी जुळत नाही. आणि कटिंगवाले चिठ्ठीवर नाव लिहितात, नंबर नाही."

"मग नावं तुम्ही सांगा, मी रिळं ठेवते. मला मेलीला मराठी नावं कुठे येतात! लाल, निळा, पिवळा झालं की माझी गाडी अडते. पुढे सगळं डार्क आणि लाइट."

काकांनी मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला. हिच्याकडे डोळे आहेत, आपल्याकडे नावं आहेत. बोट दाखवायची वेळ आली नाही म्हणजे मिळवली. स्टुलावर बसून त्यांनी वही मांडीवर घेतली, आणि कोणत्या खणात कोणता रंग ते टिपायला पेन उघडलं.

"किरमिजी," ते म्हणाले. "हा किड्यापासून आलेला शब्द. किडे वाळवून, कुटून त्यांचा रंग काढायचे. गडद लाल, थोडा निळ्याकडे झुकलेला."

"ई! किडे?" असं म्हणत तिनं बरोबर रीळ उचललं. निदान बरोबर असावं, असं काकांनी धरून चालायचं होतं.

"गुलाबी. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. आधी ते फुलाचं पाणी होतं, मग फुलालाच गुलाब म्हणायला लागले, मग रंगाला. गुलाब पिवळा असतो, पांढरा असतो, पण नावावर हक्क सांगितला तो या एकट्या रंगानंच."

पुतणी हसली. तिला मजा वाटू लागली होती. काका मात्र तिच्या हातातल्या रिळाकडे न बघता पुढचं नाव घेत होते. अबोली झाला, मोतिया झाला, शेंदरी झाला. केशरीला ते मुद्दाम थांबले. "केशराची काडी बघशील तर ती गडद लाल. फसू नकोस. ती कोमट दुधात चुरली की जो रंग सुटतो तो केशरी." असं ते नीट समजावून बोलले, कारण लहानपणी ते स्वतःच तिथे फसले होते.

दुपार झाली, घसा बसला. तेव्हा पुढचं नाव त्यांनी घाईत उरकलं. "जांभळा. जांभूळ माहीत आहे ना?"

"हो, बाजारात बघितलंय की. ते काळं-निळं, चकचकीत."

"हां, तेच," काका म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान उलटलं. पुतणीनं काळसर निळ्या दोऱ्याची आठ रिळं जांभळ्या खणात लावली. खरा जांभळा दोरा हातात आला तेव्हा तिला भाजीतलं वांगं आठवलं, आणि ती रिळं गेली वांगी नावाच्या खणात.

मंगळवारी कटिंगमधून चिठ्ठी आली: गाणाऱ्या मंडळींचे बारा झगे, जांभळे, घरी शिवणाऱ्या बायकांकडे पाठवायचे, दोरा सोबत द्यावा. कापलेलं कापड तपकिरी कागदात गुंडाळून आलं होतं. काकांनी कागदाचं एक टोक उचकटलं, जांभळ्या खणातलं रीळ काढलं, खिडकीशी नेऊन कापडावर धरलं. त्यांच्या डोळ्यांना दोन्ही सारखंच. पण सारखं दिसणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आत काजं करणाऱ्या मावशी बसल्या होत्या. एरवी काकांनी सहज जाऊन विचारलं असतं, "मावशी, काय म्हणाल याला?" पण कालपासून कपाटापाशी पुतणी उभी होती, आणि आदल्या दिवशीच ती मावशींना म्हणाली होती, "काका सगळ्यांनाच विचारत असतात का हो?" मावशी म्हणाल्या होत्या, "सवय आहे त्यांची." तेवढ्यानं काकांची झोप उडाली होती. त्यांनी रीळ पुन्हा एकदा उजेडात फिरवलं, मनावर दगड ठेवला आणि बांधलं पार्सल.

पुढचे तीन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. बायकोनं विचारलं, तर म्हणाले, पित्त झालंय.

शुक्रवारी झगे आले. मालकांनी पहिला उलगडला. गडद जांभळ्या कापडावर काळसर निळ्या दोऱ्याची शिवण, गळ्यापासून घेरापर्यंत, एखाद्यानं पेनानं रेघा ओढाव्यात तशी. शिवणाऱ्या बाईंना फोन लावला तर त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, नवी फॅशन आहे. दोरा तुम्हीच दिला होता." कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. बाराही झगे उसवून पुन्हा शिवायचे होते.

"कपाट कुणी लावलं?" मालक ओरडले.

"मी," पुतणी म्हणाली.

"तरी मी म्हणत होतो! एकतीस वर्षं एक चूक नाही, आणि तू आठवडाभरात वाट लावलीस. मोठी शिकून आली! सोमवारपासून येऊ नकोस."

पुतणीची मान खाली गेली. काकांकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. काका कपाटाला टेकून उभे होते. गप्प राहिलं तर झालं, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत होतं. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. पोरगी तरुण आहे, मालकांची पुतणी आहे, घरातलं भांडण मिटेल दोन दिवसांत. आपलं बिंग फुटलं तर कोण ठेवून घेईल? डोळ्यांनी अधू माणूस, आणि रंगांच्या कपाटावर! मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"मालक, चूक माझी आहे," ते म्हणाले.

"तुम्ही तिची बाजू घेऊ नका."

"बाजू नाही घेत. जांभळा म्हणजे जांभळाची साल नव्हे. साल काळीच असते. फळ खाल्लं की जिभेवर जो डाग उरतो ना, तो जांभळा. हे मी हिला सांगितलं नाही. केशराचं सांगितलं, याचं नाही." त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "आणि रीळ मी कापडावर धरून बघितलं होतं. खिडकीत. मला दोन्ही रंग एकच दिसले. जन्मापासून तसंच दिसतं मला. लाल-हिरवं कळत नाही. चिठ्ठ्या वाचून काम करत आलो मी."

शिवणयंत्रं एकेक करून थांबली. मालकांनी झगा टेबलावर ठेवला. "एकतीस वर्षं?" ते इतकंच म्हणाले.

"एकतीस वर्षं."

"आणि तुम्ही आम्हाला विचारायचात, याला काय म्हणाल..." मावशी हळूच म्हणाल्या.

"मला खरंच ठाऊक नसायचं, मावशी."

 मग मालकांनी खुर्ची ओढली, झगा मांडीवर घेतला आणि ते उसवायची सुरी शोधू लागले. "आधी हे बारा उरकू," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "तू काय बघत उभी आहेस? खरा जांभळा काढ. आणि सोमवारी दोघंही या. चिठ्ठ्या नव्यानं लिहायच्यात ना? नावं यांची, डोळे तुझे."

डोळे पुसून पुतणी वांग्याच्या खणाकडे धावली.  काका मावशींशेजारी बाकावर बसले, एक झगा ओढून टाके उसवू लागले. दहा-बारा टाके झाले असतील. मग त्यांचा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना काहीही न लपवता एक प्रश्न विचारायचा होता.

"मावशी," त्यांनी आपल्या सदऱ्याची बाही पुढे केली. "हा राखाडीच आहे ना? असे चार घेतलेत मी. साधा, वयाला शोभेल असा."

मावशींनी बाहीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"गुलाबी आहे, काका," त्या म्हणाल्या. "आम्ही म्हणायचो, हौशी आहेत हो काका."