एकही रजा नको

भाग्यलक्ष्मीने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘शुक्रवार, चैत्र शुद्ध द्वितीया, चंद्रदर्शन’ आणि तिचं पेन तिथेच थांबलं.

नल्लकुंटा या वस्तीतल्या नामदेवरावांच्या घराच्या तळमजल्यावर त्यांच्या रिसॉर्टचं बुकिंग ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कंप्युटर आणि भाग्यलक्ष्मी. रिसॉर्ट शहराबाहेर, विकाराबादच्या वाटेवर, नामदेवरावांच्या जुन्या शेतात. एकूण बारा खोल्या. चार साध्या, सहा कॉटेज आणि दोन मोठ्या फॅमिली खोल्या. दर पाडव्याला नामदेवराव स्वतः तिथे पाहुण्यांसमोर नव्या वर्षाचं पंचांग वाचत. हल्ली डोळे साथ देत नव्हते, म्हणून पहिल्या पंधरवड्याचा मजकूर मोठ्या अक्षरांत उतरवून द्यायचं काम त्यांनी तिच्याकडे दिलं होतं.

पाडवा पुढच्या गुरुवारी होता. आणि शुक्रवारी ईद, असं भाग्यलक्ष्मीनेच जाहिरातीत लिहिलं होतं. ‘पाडवा ते ईद, सलग चार दिवस, एकही रजा नको!’ गुरुवारी सकाळी नऊला यायचं, रविवारी सकाळी अकराला निघायचं. रोज नाश्ता आणि रात्रीचं जेवण, पाडव्याला दुपारी पुरणपोळी, ईदला बिर्याणी आणि शीरखुर्मा. बाराच्या बारा खोल्या आठ दिवसांत गेल्या होत्या. नामदेवराव इतके खूश झाले, की ‘हा वीकएंड नीट पार पाडलास तर एक तारखेपासून रिसॉर्टची मॅनेजर तूच,’ असं बोलून बसले. सहा वर्षं ती या एका शब्दाची वाट बघत होती.

आता तोच शब्द तिला हातातून सुटताना दिसायला लागला. चंद्र शुक्रवारी दिसणार असेल, तर ईद शुक्रवारी कशी?

तिने रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात खलीलभाईंना फोन लावला. “भाई, आज कितवा रोजा?”

“इक्कीसवां चलरा मॅडम. क्यों, इफ्तार को आरैं क्या?”

तिने बोटं मोजली. आज बुधवार, एकविसावा. म्हणजे पाडव्याच्या गुरुवारी एकोणतिसावा. त्या संध्याकाळी कोर दिसली तर शुक्रवारी ईद, नाही तर तिसावा रोजा आणि शनिवारी ईद. आणि पाडव्याच्या संध्याकाळी कोर दिसत नाही. कोर दिसते ती बीजेची, हे तिची आजीसुद्धा सांगत असे. कॅलेंडरच्या तारखा बघून ऑफर लिहिणाऱ्या या शहाणीला तेवढं सुचलं नव्हतं. शनिवार तर तसाही बहुतेकांच्या सुट्टीचाच. म्हणजे मधला शुक्रवार कामाचा, सुट्ट्यांचा पूल मधोमध तुटलेला.

तिने घड्याळ पाहिलं. पाच वाजून दहा मिनिटं. ऑफरच्या अटीही तिनेच लिहिल्या होत्या. आठ दिवस आधी संध्याकाळी सहापर्यंत रद्द केलं तर सगळे पैसे परत. त्यानंतर निम्मे. शेवटच्या तीन दिवसांत काही नाही. ते आठ दिवस आज सहाला संपत होते.

ती धावतच जिना चढली. नामदेवराव चहा घेत होते. तिने कागद पुढे धरला, सगळं सांगितलं. म्हातारा जराही दचकला नाही.

“काका, तुम्हाला माहीत होतं?”

“बिदरकडं शेती केली आमी, भाग्या. पाडव्याला चंद्र दिसत नाही हे ढोरं राखणारं पोरगंबी सांगतंय.”

“मग मला का सांगितलं नाही?”

“खोल्या भरत होत्या नव्हं? ते आयटीवाले शिकलेले लोक. त्यांनी बघून घ्यायचं.” त्यांनी कप खाली ठेवला. “झाकली मूठ सव्वा लाखाची. सहा वाजू दे. त्याच्यानंतर दोन खोल्या रद्द झाल्या तरी आपलं नुकसान नाही.”

“एकही रजा नको, असं मी लिहिलंय. माझ्या भरवशावर आलेत ते.”

“नक्को ऐकवू मला. मॅनेजर व्हायचंय ना तुला?”

तिला खरंच व्हायचं होतं. मनापासून व्हायचं होतं, आणि त्या क्षणी तिला स्वतःचीच चीड आली. अमेय नावाच्या एका इंजिनिअरने पाच कॉटेज घेतली होती, सहकाऱ्यांच्या कुटुंबांसकट. त्याने तीनदा फोन करून विचारलं होतं, शुक्रवार नक्की ना? आणि तिने तीनदा नक्की म्हटलं होतं. त्यांच्या कंपनीच्या सुट्ट्यांच्या यादीत शुक्रवारपुढे बारीक अक्षरात ‘चंद्रदर्शनानुसार’ होतं. ते लोक गुरुवारी रात्री बायकापोरांना खोलीत ठेवून रजेसाठी धडाधड फोन करत बसतील, शुक्रवारी पहाटे गाड्या काढतील आणि तीनपैकी दोन रात्रींचे पैसे तिच्या टेबलावर सोडून जातील.

“काका,” ती म्हणाली, “गुरुवारी सकाळी याच लोकांसमोर तुम्ही पंचांग वाचणार. तेव्हा ही ओळ वाचाल, की गाळाल?”

चाळीस वर्षांत त्यांनी पंचांगातलं अक्षर गाळलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. त्यांनाही होतं.

“कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, काका.”

“जा तू खाली,” ते म्हणाले. त्यांनी हो म्हटलं नाही.

खाली पाच चाळीस झाले होते. तिने बाराही खोल्यांच्या लोकांना एकच मजकूर लिहिला: ‘शुक्रवारी ईद नसेल, शनिवारी असेल. चूक माझी आहे. आज सहापर्यंत रद्द केलंत तर पूर्ण पैसे परत. एकाच रात्रीसाठी यायचं असेल तर तेही करून देईन, पैसे त्याच रात्रीपुरते.’ शेवटचं वाक्य लिहायचा तिला अधिकार नव्हता. तरी तिने पाठवलं.

पहिला फोन अमेयचा आला. तो आधी चिडला, मग म्हणाला, “दोन कॉटेज ठेवा, फक्त गुरुवारची रात्र. बाकी रद्द.” सहा वाजता तिने मोजलं. पाच खोल्या पूर्ण गेल्या, तीन एका रात्रीवर आल्या. चार खोल्यांच्या लोकांनी शुक्रवारची रजा टाकली आणि खोल्या तशाच ठेवल्या. वर तिने आकडे कळवले. पुढचे सात दिवस नामदेवराव तिच्याशी कामापुरतंच बोलले, आणि मॅनेजर हा शब्द तर घरातून नाहीसाच झाला.

पाडव्याच्या सकाळी रिसॉर्टच्या अंगणात गुढी उभी होती. सात खोल्यांची माणसं चटयांवर बसली होती, कोपऱ्यातल्या पाच चटया रिकाम्या. भाग्यलक्ष्मी मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. एक तारखेनंतर आपण इथे असू का, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

नामदेवरावांनी संवत्सराचं नाव वाचलं, पाऊसपाणी वाचलं. मग पंधरवडा. मग ते थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“शुक्रवार,” ते खणखणीत आवाजात म्हणाले, “चैत्र शुद्ध द्वितीया. चंद्रदर्शन.”

अमेय हसला. “काका, हे तुम्ही आधीच बघितलं म्हणून आम्ही वाचलो!”

नामदेवरावांनी कागद खाली केला. सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांनी दाराकडे पाहिलं.

“मी बघितलं होतं,” ते म्हणाले. “पण सांगितलं नाही. सांगितलं ते आमच्या मॅनेजरनं.”