लॅमिनेट केलेली यादी

थोरल्या दिरांच्या घरी सगळे जमले होते, पण चहा कोणी मागितला नव्हता आणि थोरल्या जावेने टाकलाही नव्हता. धाकटी नवऱ्याबरोबर दारात चपला काढत होती, तोवर नणंदेचा आवाज आला, "या, यादीबाई आल्या."

हे नाव नणंदेनेच ठेवलेलं. धाकटी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करत होती. एकेका आजाराबद्दल खात्रीची माहिती कुठे मिळेल याच्या मार्गदर्शिका ती तयार करायची आणि त्या ग्रंथालयाच्या वेबसाइटवर असायच्या. पुस्तकं कपाटात लावायचं सोडून बाई दिवसभर याद्या करते, असं नणंदेचं म्हणणं. नणंद मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली होती. शाळा सुटली तरी घर तिच्या हाताखालीच होतं आणि घरात सगळे तिला ताईच म्हणायचे.

भाऊजी खिडकीशी आरामखुर्चीत बसले होते. पाय सुजलेले, चेहरा मातकट. त्यांच्या मूत्रपिंडांचं काम बरंच मंदावलं होतं. डायलिसिस टाळता येईल तितकं टाळायचं, म्हणून पथ्य चालू होतं. आज नवा रिपोर्ट आला होता. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलं होतं की डॉक्टरांनी फोन करून, उद्या सकाळी पुन्हा या आणि काय खाताय ते खरं सांगा, असं बजावलं होतं. आणि स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागे थोरलीला एक हिरव्या झाकणाचा डबा सापडला होता. 'मूत्रपिंड शुद्धी चूर्ण'. आत काय घातलंय याचा त्यावर एक शब्द नव्हता.

हे सगळं थोरलीने दबक्या आवाजात सांगितलं. भाऊजी खाली मान घालून ऐकत होते. बोलली ती ताई.

"चूर्ण कुठून आलं ते विचार की. तुझ्याच यादीतल्या वेबसाइटवरून मागवलंय त्याने. म्हणे खात्रीची माहिती."

असं म्हणून तिने फ्रिजकडे बोट दाखवलं. चुंबकाखाली एक चकचकीत कागद लटकत होता. धाकटीला तो जवळ जाऊन वाचायची गरज नव्हती. मूत्रपिंडाच्या आजारांची मार्गदर्शिका तिनेच केली होती आणि पहिल्यांदा पाहिली तेव्हा ताईला ती इतकी आवडली, की तिने छापून घेतली, शाळेतल्या तक्त्यांसारखी लॅमिनेट केली आणि भावाच्या फ्रिजवर लावली. कौटुंबिक ग्रुपवर फोटोही टाकला. कागद लॅमिनेशनच्या पाकिटात बसावा म्हणून वरची आणि खालची कड कापली. खालच्या कडेवर यादी शेवटची कधी तपासली ती तारीख होती, आणि पत्ते बदलत असतात म्हणून ताजी यादी ग्रंथालयाच्या पानावरच पाहा, असं लिहिलेलं होतं. त्या जागी आता ठसठशीत अक्षरात 'संकलन : ताई' असं होतं.

त्या वेळी धाकटीने हसून सोडून दिलं होतं. यादी कोणाची का असेना, भाऊजींच्या उपयोगी पडली म्हणजे झालं.

पण यादी म्हणजे काही भिंतीवरचं घड्याळ नव्हे की एकदा टांगलं आणि विसरलं. तिच्या मार्गदर्शिकेतली प्रत्येक वेबसाइट तिने फीड रीडरमध्ये जोडून ठेवली होती. त्यामुळे प्रत्येक दारावर जाऊन डोकावावं लागत नसे. ज्या वेबसाइटवर नवीन काही यायचं, ते आपोआप तिच्यासमोर एका पानावर येऊन पडायचं. कामाला बसताना ती ते पान आधी उघडायची. कुठे औषधाबद्दल नवी सूचना, कुठे आहाराचा नवा तक्ता. रुग्णांच्या एका जुन्या संघटनेची वेबसाइटही त्यात होती. साधी, सरळ, डॉक्टरांनी तपासलेली माहिती, खाली लिहिणाऱ्यांची नावं आणि खर्च कोण करतं तेही. मग ती वेबसाइट गप्प झाली. बरेच महिने काहीच नाही. आणि एके सकाळी तिच्याकडून ओळीने लेख आले, सगळे एकाच चूर्णाबद्दल.

धाकटीने तिथे जाऊन पाहिलं. पत्ता तोच, वरचं नाव तेच, चिन्हसुद्धा तेच. मात्र डॉक्टरांची नावं गेली होती आणि प्रत्येक लेखाखाली 'आत्ताच मागवा' असं बटण होतं. संघटना बंद पडली होती, पैसे भरून पत्त्याचं नूतनीकरण कोणी केलं नव्हतं आणि मोकळा झालेला पत्ता कोण्या विक्रेत्याने घेतला होता. दुवे तपासणारा प्रोग्राम त्या पत्त्यापुढे अजून हिरवी खूण दाखवत होता. पान उघडतंय की नाही एवढंच त्याला कळतं, आत कोण बसलंय ते कळत नाही. तिने त्याच दिवशी तो दुवा मार्गदर्शिकेतून काढला, तिथे सावधानतेची ओळ घातली आणि मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्थेचं रुग्णांसाठीचं पान जोडलं.

आणि ताईला फोन केला होता.

तो फोन आत्ता या खोलीत दोघींनाच माहीत होता. फ्रिजवरचा कागद काढा, त्यातला एक पत्ता बिघडलाय, भाऊजींना सांगा, असं धाकटी म्हणाली होती. ताई फणकारली होती, की तुझ्या रोज बदलणाऱ्या याद्या तुझ्याजवळच ठेव, मी लावलेलं मी काढणार नाही, माझ्या भावाला काय सांगायचं ते मला कळतं. धाकटीने फोन ठेवला होता आणि मनात म्हटलं होतं, मरू दे. सरळ भाऊजींना फोन करता आला असता. पण अपमान मनाला झोंबला होता, म्हणून केला नाही.

आता ताई तिच्याकडे पाहत होती, आणि ताईच्या नजरेत भीती होती. भीती असली की ताईचा आवाज चढायचा.

"गप्प का? पगार घेतेस ना याचा?"

"ताई, डबा आधी बाजूला ठेवू या," धाकटी म्हणाली. "भाऊजी, हे आजपासून बंद करा. उद्या डबा डॉक्टरांना दाखवा."

भाऊजींनी पहिल्यांदाच मान वर केली. चूर्ण बंद करणार नाही, असं त्यांनी थंडपणे सांगितलं. त्याने भूक लागते, बरं वाटतं, आणि मात्रा पूर्ण घेतली नाही म्हणूनच रिपोर्ट बिघडला, असं वेबसाइटवरच्या माणसाने फोनवर सांगितलंय. उद्या डॉक्टरांकडे जाईन, पण चूर्णाचं नाव काढणार नाही, आणि कोणी काढलं तर दवाखान्यातून उठून येईन. थोरलीने पदर तोंडाला लावला.

धाकटीने मोबाइल काढला. मार्गदर्शिकेचं आजचं पान दाखवलं, सावधानतेची ओळ दाखवली. मग ती वेबसाइट दाखवली. इथे कोण लिहितं ते नाही, कधी तपासलं ते नाही, जो आजाराची माहिती देतो तोच औषध विकतो. दुकान दुसऱ्याने घेतलं आणि पाटी जुनीच ठेवली, असं समजा, ती म्हणाली.

"पाटी तीच आहे ना?" भाऊजी म्हणाले. "काल चांगली म्हणालीस, आज वाईट म्हणतेस. उद्या पुन्हा चांगली म्हणशील. मी कशावर भरवसा ठेवायचा, तुझ्या कालच्या बोलण्यावर की आजच्या?"

"आजच्या."

"का? काल तू खोटं बोललीस का?"

"त्याला काय उत्तर देणार ती," ताई म्हणाली. "हिच्या यादीपायी माझ्या भावाच्या जिवाशी खेळ झाला."

धाकटीच्या नवऱ्याने घसा खाकरला, पण पुढे काही आलं नाही. मोठ्या बहिणीपुढे त्याचा घसा आयुष्यभर एवढंच करत आला होता.

धाकटी फ्रिजपाशी गेली. 'संकलन : ताई'. बोट ठेवलं असतं तरी पुरलं असतं. फोनबद्दल एक वाक्य बोलली असती, तर ताईचं तोंड कायमचं बंद झालं असतं, आणि देवाशपथ, तिला ते बंद झालेलं पाहायचं होतं. जिभेवर शब्द आलेही. पण तिने भाऊजींकडे पाहिलं. ते वाटच पाहत होते. दोघी एकमेकींवर ढकलायला लागल्या असत्या, तर त्यांना हवं ते मिळालं असतं. बायकांचं भांडण म्हणून त्यांनी डबा उचलून पुन्हा डाळीमागे ठेवला असता. त्यांचा भरवसा वेबसाइटवर नव्हताच. तिने ती यादीत घातली म्हणून त्यांनी चूर्ण खाल्लं होतं. मग तो भरवसा काढून घेणंही तिच्याशिवाय कोणाला जमणार नव्हतं.

तिने चुंबक सरकवला, कागद काढला आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"यादी माझी आहे, भाऊजी. तो पत्ता माझ्या यादीत होता म्हणून तुम्ही विश्वास ठेवलात. तो बिघडल्याचं मला कळलं होतं आणि मी तुम्हाला स्वतः येऊन सांगितलं नाही. चूक माझी. आता मीच सांगते, ते विष आहे असं समजून सोडा. माझ्यामुळे घेतलंत, तर माझ्यामुळेच थांबवा."

भाऊजी खुर्चीत पुढे वाकले.

"म्हणजे तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि तू घरी बसलीस."

"हो."

त्यांनी डबा उचलला आणि थोरलीच्या पुढ्यात आपटला. झाकण उडालं, हिरवट भुकटी टेबलावर पसरली. "उद्या दे डॉक्टरला. सगळं सांग त्यांना," ते बायकोला म्हणाले. मग धाकटीकडे न बघता, "आणि हिला सांग, माझ्या आजारात पुन्हा तोंड घालायचं नाही. या घरात नाही आली तरी चालेल."

थोरली भुकटी ओल्या फडक्याने पुसू लागली. मध्येच थांबून तिने चिमूटभर कागदात बांधून ठेवली, डॉक्टरांना लागली तर. धाकटीने कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला, पण लॅमिनेट केलेला कागद दुमडेना. तिने तो तसाच काखेत मारला आणि चपला घातल्या.

जिन्यात पावलं आली. ताई दोन पायऱ्या वर थांबली होती, कठड्याला धरून. श्वास लागला होता.

"मी तुला कबूल करायला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "उपकार केल्यासारखं बघू नकोस माझ्याकडे."

"ताई, तुमच्यासाठी केलं नाही."

"मग फोनचं सांगणार आहेस का कोणाला?"

धाकटीने वर पाहिलं. या बाईबद्दल तिच्या मनात तिळभरही माया उरली नव्हती, आणि ती आणायचा प्रयत्नही तिने केला नाही.

"ते तुम्ही सांगा," ती म्हणाली. "डॉक्टरांकडून आल्यावर. भाऊजींना उद्या डॉक्टरांकडे न जायला नवं कारण नको, आज जेमतेम कबूल झालेत."

वरून थोरलीने हाक मारली, भाऊजी पाणी मागताहेत, किती द्यायचं, डॉक्टरांनी मोजून द्यायला सांगितलंय. ताई वळली आणि कठड्याला धरत वर गेली. खाली नवऱ्याने स्कूटर चालू केली होती. काय बोललात दोघी, असं त्याने विचारलं. काही नाही, असं म्हणून धाकटी मागे बसली.