हेलेनच्या स्वयंपाकघरातला डबा

टाइन जन्मापासून वरच्याच दुधावर होता. अडीच महिन्यांचा असताना त्याच्या गालांवर, कोपरांच्या खाचांत लाल चट्टे उठले आणि लंगोटात रक्ताच्या रेषा दिसू लागल्या. डॉक्टरांनी गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी सांगितली. साधी पावडर बंद झाली. आहारतज्ज्ञ ब्राउन्स्मा बाईंनी दुसरी लिहून दिली. तिच्यात प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेले असतात, त्यामुळे शरीर त्यांना सहसा ओळखत नाही. चव कडवट, वास उकडलेल्या बटाट्याच्या पाण्यासारखा. पण पंधरा दिवसांत टाइनची कातडी निवळली आणि त्याच्या आईच्या, योरीनच्या, जिवात जीव आला.

योरीन नेदरलँड्समधल्या देव्हेंटर शहरातल्या एका छापखान्यात परत कामाला जाऊ लागली, तेव्हा आठवड्यातले तीन दिवस टाइनला तिच्या थोरल्या बहिणीने, हेलेनने, सांभाळायचं ठरलं. योरीनने तिला दोन डबे नेऊन दिले आणि बजावलंही, "दुकानात 'एचए', म्हणजे कमी ॲलर्जीची, असं लिहिलेली असते ना, ती वेगळी. तिच्यात तुकडे अर्धवटच असतात, ॲलर्जीला उपयोग नाही. सोयाची याच्या वयाला बाई नको म्हणाल्यात. हीच द्यायची."

"अगं, मी दोन पोरं वाढवलीत," हेलेन हसून म्हणाली होती.

तीन आठवड्यांनी चट्टे परत आले. मग रक्त. योरीन वेड्यासारखं कारण शोधू लागली. बाटल्या दोनदा उकळल्या, साबण बदलला, हात धुऊन धुऊन सोलवटून घेतले. रोज संध्याकाळी ती हेलेनला फोन करायची.

"माझंच काहीतरी चुकतंय."

"स्वतःला इतकं छळू नकोस गं," हेलेन म्हणायची. "काही मुलं असतातच नाजूक."

ब्राउन्स्मा बाईंकडे हेलेनही सोबत आली. टाइन तिच्याच मांडीवर होता. बाईंनी चट्टे पाहिले, वजन केलं. वजन वाढलं नव्हतं.

"ही पावडर सोडून त्याच्या पोटात दुसरं काही जातं का? कुठेही, कुणाकडेही?"

"नाही," योरीन म्हणाली आणि हेलेनकडे वळली.

"काहीच नाही," हेलेन म्हणाली.

"मग हे तुकडेही त्याला सोसत नसावेत," बाई म्हणाल्या. "तुकडेही नसलेली, नुसत्या अमिनो आम्लांची पावडर देऊन बघावी लागेल. त्याआधी मंगळवारी रुग्णालयात रक्त तपासू. घरात आणि सांभाळणाऱ्यांकडे आहेत ते सगळे डबे येताना आणा. मला लेबलं बघायचीत."

सोमवारी दुपारी योरीन डबा न्यायला हेलेनकडे गेली. हेलेन बागेत कपडे वाळत घालत होती, टाइन आत झोपला होता. ओट्यावर ओळखीचा डबा होता. योरीनने सवयीने झाकण उघडलं आणि थबकली. वास गोड होता, दुधाचा. आतला चमचा हिरवा होता. त्यांच्या पावडरचा चमचा पांढरा.

तिने खालचं कपाट उघडलं. मागच्या बाजूला, ओट्सच्या पिशवीआड, दुसरा डबा होता. त्यावर हिरव्या कुरणात शेळी. घटकांच्या यादीत ठळक अक्षरांत शेळीचं दूध. त्याखाली बारीक अक्षरांत, गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांना देऊ नये.

हेलेन दारात उभी होती. हातात रिकामी टोपली.

"कधीपासून?" योरीनने विचारलं.

"तो ती कडू पावडर तोंडातच घेत नव्हता गं. ही घटाघटा प्यायचा. शेळीचं दूध पचायला हलकं असतं, सगळे सांगतात."

"शेळीची प्रथिनं गाईच्या प्रथिनांसारखीच असतात. देऊ नये म्हणून इथे लिहिलंय. वाचलंस?"

हेलेनने टोपली खाली ठेवली.

"वाचलं होतंस," योरीन म्हणाली. "म्हणून तर आमच्या डब्यात ओतलीस."

"तू ऐकून घेतलं नसतंस."

"बाईंनी तुझ्यासमोर विचारलं. पोर तुझ्या मांडीवर होतं, हेलेन. उद्या त्याच्या दंडात सुई टोचणार होते, आणि तू 'काहीच नाही' म्हणालीस. मी रोज तुला फोन करून रडत होते."

"तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही," हेलेन हळूच म्हणाली. "दर दिवशी वाटायचं, आता बरा होईल."

योरीनने झोपलेल्या टाइनला उचललं, दोन्ही डबे पिशवीत घातले. सायकलला पुढे जोडलेल्या खोक्यातल्या बाळाच्या आसनात त्याला ठेवताना तिच्या हातून पट्टा अडकेना. हेलेन मदतीला पुढे आली. "नको," योरीन म्हणाली आणि तिसऱ्या खेपेला तो अडकला.

मंगळवारी ब्राउन्स्मा बाईंनी दोन्ही लेबलं वाचली आणि रक्ततपासणी रद्द केली. आधीची कडवट पावडरच चालू राहिली. तीन आठवड्यांत लंगोट स्वच्छ झाले, वजन सव्वापाच किलोवरून वर सरकलं. योरीनने कामाचे दिवस कमी केले, उरलेल्या दिवसांसाठी पाळणाघर शोधलं आणि तिथल्या बाईंना लेबल बोट ठेवून वाचून दाखवलं.

हेलेनने दोन पत्रं पाठवली. पहिलं योरीनने वाचलं. त्यात माफी होती, आणि टाइन ती शेळीच्या दुधाची पावडर किती आवडीने प्यायचा, हेही होतं. दुसरं तिने उघडलं नाही. टाकूनही दिलं नाही.