राउटरचा लाल दिवा

दीपिका बोरकर रामपायलीहून बालाघाटला आली ती पेपरच्या आदल्या दिवशी. गावात मोबाइलची रेंज वाऱ्यावर चालायची, आणि परीक्षा घरी बसून, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. श्रुतिका तिची बारावीपासूनची मैत्रीण. दोघींनी एकाच खासगी विद्यापीठाच्या ऑनलाइन एमबीएला प्रवेश घेतला होता. दीपिका गावात शिकवण्या घ्यायची, श्रुतिका एका दवाखान्यात बिलिंगला होती. श्रुतिकाच्या घरी केबलवाल्याचं चांगलं नेट होतं, म्हणून दोघींनी तिथेच, वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं ठरवलं.

रात्री जेवताना श्रुतिका म्हणाली, "अकाउंटचं काहीच झालं नाही व माह्यं. उद्या नेटच गेलं त बरं. पुन्हा पेपर भेटते म्हणतात."

"असं बोलू नको," दीपिका म्हणाली. श्रुतिकाचा भाऊ हेमराज हसला. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पेपर सुरू झाला. खोली कॅमेऱ्यात फिरवून दाखवली, ओळखपत्र दाखवलं, फोन हॉलमध्ये ठेवला. अर्धा पेपर झाला असेल, तेव्हा दीपिकाच्या पडद्यावर गोल फिरू लागला आणि पाटी आली: संपर्क तुटला. उत्तरं आपोआप जतन झाली आहेत, ठरलेल्या वेळेत पुन्हा जोडा.

ती थोडा वेळ बसून राहिली. मग न राहवून उठली आणि हॉलमध्ये आली. राउटरवरचा एक दिवा लाल झाला होता. हेमराज राउटरजवळ वाकून उभा होता, हात वायरीवर.

"काय झालं?"

"गेलं," तो वळून न पाहता म्हणाला. मग खिशातून फोन काढून तो सरळ श्रुतिकाच्या खोलीत गेला.

दीपिकानं आपला फोन घेतला, हॉटस्पॉट लावला. रेंजची एक काडी होती. लॅपटॉप जोडला जाईपर्यंत मुदत संपली. पडद्यावर फक्त हेल्पलाइनचा नंबर उरला.

रडू आवरत तिनं सूचनांत दिलं होतं तसंच केलं. हेल्पलाइनला फोन लावला, तक्रारीचा क्रमांक घेतला, पडद्याचा आणि राउटरचा फोटो काढला आणि संध्याकाळ व्हायच्या आत परीक्षा विभागाला सगळं ईमेल केलं.

श्रुतिका मात्र पेपर संपवून बाहेर आली. "हेमराजच्या फोनवर जोडलं मी. तुले नाही का सांगितलं त्यानं?"

"नाही."

"घाई होती व."

परतीच्या बसमध्ये दीपिकाला तीच रात्र आठवत राहिली. नेटच गेलं त बरं. वायरीवरचा हात. बहिणीला मदत, आपल्याला नाही. पण नेट मुद्दाम घालवायचं आणि मग पेपरही पूर्ण करायचा, हे कसं? कदाचित मधल्या वेळात हेमराजनं तिला पुस्तक दाखवलं असेल. कदाचित त्याचसाठी नेट घालवलं असेल. एकदा असा धागा हाती लागला, की तो ओढावासाच वाटतो.

आठ-दहा दिवसांनी दोघींचा निकाल राखून ठेवल्याचं पत्र आलं. दोघींना वेगवेगळी व्हिडिओ सुनावणी होती.

दीपिकाच्या सुनावणीत परीक्षा विभागाच्या मॅडम आणि एक सर होते. मॅडम शांत होत्या. "नेट बंद असतानाही कॅमेऱ्याचं चित्रण तुमच्या संगणकावर चालू होतं, मग ते आमच्याकडे आलं. तुम्ही जागेवरून उठलात."

"राउटर पाहायले गेलते, मॅडम."

"समजा. तुम्ही त्याच दिवशी कळवलं, ते बरं केलं. नेट बंद होतं असं केबलवाल्याचं पत्र मिळालं तर पुन्हा पेपर देता येईल, प्रश्नपत्रिका वेगळी. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळे असतात, आमच्याकडे असं आहे." मग त्यांनी कागद बाजूला सारला. "एकाच घरातून दोघी. दुसरीच्या खोलीत माणूस आला, हातात फोन होता. तुम्हाला काही संशय?"

दीपिकानं सांगून टाकलं. "आदल्या रात्री ती म्हणली, नेट गेलं त बरं. अन् भाऊ राउटरपाशी होता."

मॅडमनी लिहून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी श्रुतिकाचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही. "मले विचारलं, नेट जावं असं कोण म्हणलं. त्या रात्री तू होती, हेमराज होता अन् मी. आता सांग, काहून सांगितलं?"

"त्यांनी विचारलं."

"मले विचारलं असतं ना तू!" फोन कट झाला.

त्यानंतर श्रुतिकानं फोन उचलला नाही. दीपिकाला पत्र हवंच होतं, म्हणून ती पुन्हा बालाघाटला आली आणि केबलवाल्याच्या दुकानात जाऊन श्रुतिकाच्या घरचं नेट पेपरच्या दिवशी बंद होतं, असं पत्र मागितलं. मालक गजेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "लाइन त चालूच होती बाई. तुमच्याच घरचं काही असंन."

आपला संशय खरा निघतो आहे, याचा दीपिकाला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. तिनं राउटरचा फोटो दाखवला. गजेंद्रनं फोटो मोठा करून पाहिला आणि आवाज खाली केला.

"हा लाल दिवा आहे. राउटर बंद केला असता त एकही दिवा लागला नसता."

"पण राउटरची वायर कोणी काढली असंन त?"

"त पण लाल होते," त्यानं कबूल केलं. "पण कोणी काढली नाही. क्रेननं गल्लीतली केबल तोडली त्या दिवशी. सहा-सात घरांचं गेलतं."

"मग मघाशी काहून लपवलं?"

"लोक बिलात सूट मागतात."

दुकानातली गर्दी ओसरल्यावर त्यानं बंद पडल्याची वेळ लिहून, शिक्का मारून पत्र दिलं. दीपिकानं ते तिथूनच परीक्षा विभागाला पाठवलं आणि खाली लिहिलं: श्रुतिकाबद्दल मी जे सांगितलं, ते पुराव्याशिवाय होतं. केबल बाहेर तुटली होती. भाऊ वायर नीट करत होता, मला ते चुकीचं वाटलं.

महिनाभरानं निर्णय आला. दीपिकाला पुन्हा पेपर. श्रुतिकाचे गुण कायम, कारण ती मुदतीत जोडली गेली होती आणि चित्रणात पुस्तक किंवा कोणी उत्तर सांगताना दिसलं नव्हतं. पण परीक्षा चालू असताना खोलीत दुसरा माणूस आल्याबद्दल लेखी ताकीद होती, आणि पुन्हा असं झाल्यास पेपर रद्द.

दीपिकानं दुसरा पेपर गोंदियाला मामाच्या घरी दिला. घरातलं नेट आणि दोन फोनचा हॉटस्पॉट, दोन्ही आधी तपासून. कुणी खोलीत आलं नाही. ती पास झाली, पण बेताची.

नंतर बालाघाटच्या बसस्टँडवर दोघी भेटल्या. श्रुतिका दवाखान्यातून घरी निघाली होती, हातात डबा. दीपिकानंच आधी बोलायला सुरुवात केली.

"माह्यं चुकलं."

"पत्र पाठवलं तू, ते समजलं मले." श्रुतिका तिच्याकडे न पाहता म्हणाली. "पण हेमराज अजून विचारते, दीपिकाले काय वाटलं असंन आपल्याबद्दल? त्याले काय सांगू?"

रामपायलीची बस लागली.

"पुढच्या सेमिस्टरले कुठं बसणार?" श्रुतिकानं विचारलं.

"गोंदियालेच."

"हौ," श्रुतिका म्हणाली. "तिथंच बस." मग थोडं थांबून, "अन् अकाउंटची वही माह्याकडं राह्यली तुही. घरी येऊन घेऊन जाजो. रविवारी दिवसा ये, मी असंन."